कॉलचं रेकॉर्ड ठेवणाऱ्या ताईंना, सगळ्यांसमोर थँक्यू

ताई,

फायनल साइन-ऑफचा मेल आला, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, आणि त्या एवढ्या मोठ्या मेलमध्ये तुमचं नाव कुठेच नव्हतं. मला ते फार लागलं. म्हणून हे इथे लिहितोय, सगळ्यांना वाचू दे. हे प्रोजेक्ट भांडण न होता संपलं त्यात तुमचा वाटा माझ्या कोडपेक्षा मोठा आहे, हे मी अगदी मनापासून म्हणतोय.

याआधीच्या प्रोजेक्टवर आमच्याकडे कॉलनंतर काय यायचं तर चार ओळींचा मेल. "चर्चेप्रमाणे पुढे जाऊया." कोणती चर्चा, कोण काय म्हणालं, कोणी हो म्हटलं, काही नाही. ज्यांचं ते काम होतं त्यांना ते कारकुनी वाटायचं. मग डिलिव्हरीच्या तोंडावर क्लायंट म्हणायचा हे तर आम्ही सांगितलं होतं, आमचे वरिष्ठ म्हणायचे असं काही ठरलंच नव्हतं, आणि शेवटी शनिवार रविवार बसून ते बांधायचं कोणी तर टीमने. टीममधली चांगली पोरं त्या पायी सोडून गेली. तो राग अजून गेलेला नाही माझा.

त्यामुळे तुमचं पहिलं रेकॉर्ड आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. त्या स्टेटस कॉलवर क्लायंटचे ऑपरेशन्स हेड म्हणाले होते की ऑर्डर ट्रॅकिंगमध्ये रिटर्न पण दिसायला हवेत, आणि आमच्याकडून कोणीतरी हो हो म्हटलं, विषय पुढे सरकला. नोट्समध्ये सगळ्यांच्याच एवढंच होतं, रिटर्न, हो. आता ज्याने हे काम केलंय त्याला माहितीये की यात दोन वेगळी कामं लपलीत. रिटर्नची ऑर्डर आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे हे दाखवणं म्हणजे आधीच्याच स्क्रीनवर एक स्टेटस वाढवणं, फार तर दोन दिवस. पण रिटर्न मंजूर करणं, माल परत उचलायची व्यवस्था, रिफंडचा हिशोब, हे सगळं धरलं तर तो अख्खा नवा मॉड्यूल झाला. ऑपरेशन्स हेडच्या डोक्यात कदाचित दुसरं होतं, आमच्या डोक्यात पहिलं, आणि दोघंही खूश होऊन फोन ठेवून गेले.

तुम्ही त्याच संध्याकाळी जे पाठवलं त्यातली ती नोंद मी जपून ठेवलीये. एस-07, स्कोप स्पष्टीकरण. करारातल्या कामाच्या वर्णनात कलम 4.2 मध्ये ऑर्डर ट्रॅकिंग आहे, रिटर्नचा वेगळा उल्लेख नाही. क्लायंटची अपेक्षा, रिटर्न दिसावेत. आमची समजूत, रिटर्नची सद्यस्थिती दाखवणं यात येतं, रिटर्न मंजुरी आणि रिफंड येत नाही. क्लायंटचं उत्तर, बाकी. बस एवढंच. कोणावर आरोप नाही, आमची बाजू फुगवलेली नाही, आणि जिथे निर्णय झालेला नव्हता तिथे तो झाला असं दाखवलेलं नाही. आमच्याच एका वरिष्ठांनी तुम्हाला सांगितलं होतं की उत्तर बाकी कशाला लिहिताय, मान्य लिहून टाका, ते कुठे वाचतात. तुम्ही लिहिलं नाही. पुढे रिफंडचा विषय निघालाच, आणि तेव्हा तीच नोंद समोर ठेवून दहा मिनिटांत बोलणं झालं, क्लायंटने स्वतःच म्हटलं की रिफंड वेगळं धरू. तिथे खोटं मान्य लिहिलेलं असतं तर आपल्या बाकीच्या सगळ्या नोंदींवरचा विश्वास त्याच दिवशी उडाला असता.

आणि क्लायंट वेगळं धरू म्हणाला तरी तुम्ही ते रेकॉर्डमध्येच मिटवून टाकलं नाही. चेंज रिक्वेस्ट उघडली, तिचा नंबर एस-07 समोर लिहिला आणि ती नोंद बंद केली. कॉलच्या नोंदीने करार बदलत नाही, त्याला दोन्हीकडची सही लागते, हे भल्याभल्या लोकांच्या लक्षात राहत नाही आणि मग मिनिट्समध्ये तर लिहिलंय की, असं म्हणत वाद घालत बसतात.

अप्रूव्हलचंही तसंच. डिझाइन दाखवलं तेव्हा क्लायंटकडच्या दोघांनी छान आहे छान आहे म्हटलं, आमची टीम लगेच बिल्डला लागणार होती. तुम्ही ते अभिप्राय म्हणून लिहिलं, आणि मंजुरी मागितली ती प्रोजेक्ट स्पॉन्सरकडे, कारण करारात मंजुरीचा अधिकार त्यांच्याच नावावर होता आणि ते त्या कॉलवर नव्हतेच. कोणती फाइल, तर स्क्रीन डिझाइन आवृत्ती 1.3, सोबत लिंक, उत्तर कधीपर्यंत हवं ती तारीख. आवृत्तीचा नंबर लिहिणं किती गरजेचं होतं ते नंतर कळलं, कारण मधल्या काळात 1.4 फिरायला लागली होती आणि स्पॉन्सरचं ओके नेमकं कशाला आलंय हा प्रश्न आपल्याकडे पडलाच नाही. तेव्हाही कोणीतरी सुचवलं होतं की खाली एक ओळ टाका, सात दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर समजू. तुम्ही करार उघडून बघितलात, तसं कलम नव्हतं, म्हणून टाकली नाहीत. त्याऐवजी लिहिलंत की मंजुरी आल्याच्या दिवसापासून बिल्डला तीन आठवडे लागतील. धमकी नाही, दमदाटी नाही, फक्त काय होईल ते. स्पॉन्सरचं उत्तर तारखेच्या आत आलं.

पण ताई, हे सगळं तुमच्या कामाचा भाग होता असं कोणी म्हणेल. ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसलो ती कोणी तुम्हाला सांगितलेली नव्हती. तो फोन.

टेस्टिंग सुरू करायला आम्हाला जुन्या आणि नव्या ग्राहक कोडची जुळणी फाइल हवी होती. कॉलवर विषय निघाला की क्लायंटकडची ती नवीन मुलगी देईल असं तिचे साहेब परस्पर सांगून मोकळे व्हायचे, ती काही बोलायची नाही, आणि फाइल यायची नाही. रेकॉर्डमध्ये प्रलंबित इनपुटसमोर माणसाचं नाव लागतं, नुसतं क्लायंट टीम लिहिलं की ते कोणाचंच काम राहत नाही, हे आपल्याला पटलेलं होतं. म्हणजे तिचं नाव लिहायचं, त्यापुढे तारीख, कधीपासून अडकलंय ते, आणि त्यामुळे काय अडलंय ते. आणि ते रेकॉर्ड तिच्या साहेबांपासून स्पॉन्सरपर्यंत सगळ्यांना जाणार.

तुम्ही पाठवायच्या आधी तिला फोन केलात. मी शेजारीच बसलो होतो म्हणून ऐकलं. तुम्ही म्हणालात, हे बघ, मी तुझ्या नावापुढे ही फाइल लिहितेय, शुक्रवार टाकू का, तुला जमेल का, काही अडचण असेल तर आत्ता सांग, मेलमध्ये वाचून तुला धक्का बसायला नको. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, आणि मग ती बोलायला लागली. ती फाइल तिच्याकडे नव्हतीच. ती फायनान्सकडे होती, तिने दोनदा मागितली होती, त्यांनी दिली नव्हती, आणि साहेबांना सांगायची तिची हिंमत होत नव्हती.

मग त्या नोंदीचं काय झालं बघा. पी-11 चे तुम्ही दोन भाग केले. पी-11अ, जुनी कोड यादी, फायनान्सकडून, त्यांच्या मॅनेजरचं नाव, बुधवार, आणि तेही त्यांना विचारून. पी-11ब, यादी आल्यावर जुळणी तपासून देणं, त्या मुलीचं नाव, यादी मिळाल्यापासून दोन कामाचे दिवस. परिणाम, टेस्टिंग तेवढे दिवस पुढे. विलंब तिच्यामुळे असं कुठेही नाही, कारण नव्हताच. आठवडे रखडलेली फाइल त्याच आठवड्यात आली. तो फोन केला नसता तर आपलं रेकॉर्ड दिसायला एकदम नीट दिसलं असतं, नाव आहे, तारीख आहे, सगळं आहे, आणि आत चुकीचं असतं, दर कॉलला तीच ओळ लाल होऊन पुढे गेली असती आणि ती पोरगी दर वेळी सगळ्यांसमोर खाली मान घालून बसली असती.

मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, समोरच्याला लेखी पकडण्यासाठी मिनिट्स लिहिणारे खूप बघितले. समोरचा माणूस तोंडघशी पडू नये म्हणून पाठवायच्या आधी त्याला विचारणारं माणूस तुमच्या रूपाने पहिल्यांदा बघितलं. आणि त्यानंतर क्लायंटची माणसं आपल्याशी बोलायला लागली हे तुमच्या लक्षात आलं असेलच. कॉलच्या आधीच फोन यायचे, ताई ही तारीख जमणार नाही, आत्ताच सांगते. त्यांच्याकडून दुरुस्त्या यायच्या त्याही तुम्ही गुपचूप जुन्या फाइलवर केल्या नाहीत, नवी आवृत्ती काढलीत, जुनी ओळ खोडलेली पण वाचता येईल अशी ठेवलीत, कोणी कधी दुरुस्ती सुचवली ते बाजूला. एकदा तर दुरुस्ती आपल्याच विरोधात होती, लॉगिनच्या पद्धतीबद्दल आपण जे लिहिलं होतं ते कॉलवर तसं बोललं गेलं नव्हतं, आणि तुम्ही ती जशीच्या तशी घेतलीत. आमच्याकडे थोडी कुरकुर झाली. मला मात्र त्या दिवशी तुमचा प्रचंड अभिमान वाटला.

अजून एक, जे वरून कोणाला दिसत नाही. नोंदीचा नंबर तुम्ही शेवटपर्यंत बदलला नाहीत. एस-07 पहिल्या कॉलला एस-07 होती आणि बंद झाली तेव्हाही एस-07 च होती. दर आठवड्याला नवी यादी नव्या नंबरने केली की तीन महिन्यांपूर्वी अडकलेली गोष्ट कालच अडकल्यासारखी दिसते, आणि ती किती जुनी आहे ते कोणालाच कळत नाही. माझ्या टीमने तर शेवटी शेवटी कोड कमिट करताना पण तुमचे नंबर लिहायला सुरुवात केली होती, म्हणजे हा बदल का केला हे पुढे कोणालाही शोधता येईल.

ज्यांनी आधीच्या प्रोजेक्टवर हे केलं नाही त्यांना मला एकच सांगायचंय, याला काही फार वेळ लागत नव्हता. कॉल संपला की ताई तासभर बसायच्या, नोट्स ताज्या असतानाच, आणि एखादा फोन. तेवढ्यावर आमचे शनिवार रविवार वाचले.

ताई, पुढच्या महिन्यात नवीन क्लायंटचं काम सुरू होतंय. मी मॅनेजरांना लेखी कळवलंय की त्याच्या पहिल्या कॉलपासून तुम्ही हव्यात, आणि या वेळी प्रोजेक्टच्या माणसांच्या यादीत तुमचं नाव पहिल्या पानावर असेल. ते अप्रूव्हल अजून बाकी आहे, तारीख मी टाकलीये, मागे लागलोय.

खूप खूप आभार.

तुमच्या शेजारच्या डेस्कवरचा