‘शॉर्टसर्किट’ म्हटले की चौकशी संपते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुक्कुटपालनाच्या शेडला आग लागली की बातमीत एक ओळ ठरलेली असते : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.’ पुढे किती पिल्ले गेली आणि नुकसान किती, एवढे येते आणि विषय मिटतो. मी वायरमन आहे. शेडची वायरिंग करतो, आणि जळालेल्या शेडमध्येही मला बोलावतात. त्या अनुभवावरून सांगतो, यातल्या बऱ्याच आगी शॉर्टसर्किटच्या नसतात. शॉर्टसर्किट झाले असते तर जास्त प्रवाह गेला की आपोआप वीज तोडणारा एमसीबी पडला असता आणि बहुधा तिथेच निभावले असते. घात होतो तो खरा बिघाड एमसीबीला दिसतच नाही म्हणून.

अलीकडे पाहिलेली एक शेड सांगतो. तीन हजार पिल्लांची बॅच होती. प्रत्येकी पाचशे पिल्लांचे सहा चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीची गोल कुंपणे, आणि प्रत्येक गार्डवर उबेसाठी अडीचशे वॅटचे चार लाल बल्ब. शेडमध्ये दोन लाइन होत्या आणि एका लाइनवर तीन गार्ड, म्हणजे तीन हजार वॅट, साधारण तेरा अँपिअर. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, एमसीबी सोळाचा. कागदावर यात काहीही चूक नाही. मी स्वतःसुद्धा असेच हिशेब धरले असते.

चौथ्या रात्री मालकाला जळकट वासाने जाग आली. त्याने आधी बाहेरचा मेन स्विच पाडला, मग दार उघडले. हे त्याने फार शहाणपणाचे केले. ओली पोती आणि वाळू टाकून त्याने आग एका गार्डपुरती थोपवली. त्या गार्डमधली सगळी पिल्ले गेली. त्यातली जळालेली थोडीच, बाकीची धुरानेच मेली.

सकाळी मी गेलो तेव्हा पहिला प्रश्न विचारला, “एमसीबी पडला होता का?”

“नाही दादा. मेन मी पाडला, एमसीबी वरच होता.”

उत्तर तिथेच मिळाले होते, फक्त जागा शोधायची बाकी होती. वाश्याच्या कडेने वायर बघत गेलो. बोर्डाकडून येताना पहिल्या गार्डच्या अलीकडेच एक जोड होता. त्याच्यावरची टेप वितळून गेलेली, तांबे काळेनिळे पडून ठिसूळ झालेले. जोडाच्या दोन्ही बाजूंना वीतभर वायरचे प्लास्टिक आतून, तांब्याकडच्या बाजूने करपले होते. पुढे मात्र ते फक्त वरून भाजलेले होते. बाहेरच्या आगीने वायर वरून जळते. आतून करपली असेल तर उष्णता वायरीतच तयार झाली असे धरायचे.

“हा जोड कोणी मारला?” मी विचारले.

मालक जरा वेळाने म्हणाला, “मीच. मागच्या बॅचला उंदरांनी वायर कुरतडली होती. तेवढा तुकडा कापला, पीळ मारला, टेप गुंडाळली. नंतर दीड महिना काही झाले नाही.”

खरी गोष्ट या ‘दीड महिना काही झाले नाही’मध्ये आहे. पिल्ले मोठी झाली की ब्रूडर, म्हणजे ऊब देणारे हे बल्ब, बंद होतात. मग त्या लाइनवर नऊ वॅटचे पाचेक एलईडी दिवे उरतात, म्हणजे जेमतेम पाव अँपिअरही नाही. नुसता पीळ मारलेल्या जोडात थोडा अवरोध राहतोच, आणि शेडमधला अमोनिया व ओल तांब्याला लागून तो वाढत जातो. पाव ओम धरला तरी दिव्यांच्या भारावर त्या जोडात वॅटचा शंभरावा भागच खर्च होतो. हात लावला तरी कळणार नाही. नवी बॅच येते, सगळे बल्ब लागतात आणि त्याच जोडातून तेरा अँपिअर जाऊ लागतात. प्रवाहाचा वर्ग गुणिले अवरोध, हा शाळेतला हिशेब आहे : चाळीस-बेचाळीस वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचे असते, आणि त्याचे टोक तीनशे अंशांवर जाते. तसले आयर्न पिल्लांखाली अंथरलेल्या काडाच्या गादीवर, टेपमध्ये गुंडाळून, रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखे ते झाले.

एमसीबीला यातले काही दिसत नाही. त्याच्यातून तेराच अँपिअर जातात, आणि तो सोळाचा आहे. तीनएक व्होल्टची घट होते, ती बल्बच्या उजेडावर ओळखू येत नाही. आरसीसीबी असता तरी या जोडावर तो पडला नसता. फेज-न्यूट्रलमध्ये जेवढा प्रवाह जातो तेवढाच परत येतो, आणि आरसीसीबी फक्त जमिनीकडे गळणारा प्रवाह पकडतो. तो बसवूच नये असे मी म्हणत नाही. कुरतडलेल्या वायरीचे उघडे तांबे लोखंडी वाश्याला किंवा ओल्या धुळीला लागले की तोच वाचवतो. पण तो आहे म्हणून जोड चालतील असे नाही.

आता आग खाली कशी आली, ते. जोडाच्या वर, वाश्याच्या बेचक्यात उंदराचे घरटे होते. काड, पिसे आणि कुठल्याशा पोत्याची सुतळी. उंदराने गादीतलेच काड उचलून वर नेले होते. म्हणजे सरपण खाली अंथरलेले आपण बघतो, पण तेच वर वायरीला टेकवून ठेवणारा कामगार आपण नेमलेला नसतो. ते घरटे धुमसले आणि जळते काड खाली पडले. खाली गव्हाचे काड पसरलेले होते आणि त्यावर पहिल्या दिवसांत पिल्लांना खाद्य दिसावे म्हणून वर्तमानपत्रे. संपादक महाशय, माफ करा, पण त्यात तुमचाही अंक असेलच.

माझ्या मते पहिला आठवडाच सगळ्यात घातक असतो. गादी तेव्हा ताजी आणि कोरडी असते. पुढे पिल्लांच्या विष्ठेने ओल धरते, तशी आग धरायला अवघड होते. एक दिवसाच्या पिल्लाला बत्तीस ते पस्तीस अंश लागतात, म्हणून बल्ब तेव्हा सर्वात खाली असतात आणि अहोरात्र चालू असतात. ऊब राहावी म्हणून बाजूचे पडदे बंद असतात. आणि गेल्या दीड महिन्यात कुरतडलेली वायर पहिल्यांदाच पूर्ण भारावर येते. वर्षभर शेडमध्ये काही घडत नाही आणि सगळे धोके या आठ दिवसांत एकत्र येतात.

म्हणून तपासणी बॅच येण्याच्या आदल्या दिवशी नाही, त्याआधी दोन-तीन दिवस करायची. शेड रिकामी असताना सगळे ब्रूडर चालू करून पूर्ण भार टाकायचा आणि एक तास तसाच ठेवायचा. मग टेंपरेचर गनने प्रत्येक जोड, प्रत्येक होल्डर आणि एमसीबीच्या टोकांवर नेम धरून बघायचे. वायरीची इतर लांबी जेवढी कोमट असेल, तेवढाच जोड असला पाहिजे. आजूबाजूपेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त दाखवला तर तो जोड काढायचाच, परत टेप गुंडाळायची नाही. गन नसेल तर आधी वीज बंद करायची, मगच हात लावून बघायचे. चालू लाइनला हात नको. मासळीसारखा वास आला तर होल्डरचे किंवा स्विचचे बेकेलाइट तापते आहे, असे मी धरतो. हा वास एकदा घेतला की विसरत नाही.

उंदीर कुठे फिरतो हेही वायर न उघडता कळते. वाश्यावरून किंवा भिंतीच्या कडेने त्याच्या अंगाचा तेलकट काळपट पट्टा उमटतो, आणि खाली लेंड्या पडलेल्या असतात. त्या पट्ट्यावरून वायर गेली असेल तर ती तिथून हलवायची. जाड प्लास्टिकचा पाइप घातला म्हणून निर्धास्त होऊ नये. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे तो कुरतडायचे थांबत नाही, आणि पाइपही त्याच्या पुढ्यात फार टिकत नाही. लोखंडी पाइप टिकतो, पण शेडच्या हवेत गंजतो आणि आत पाणी साचते. त्याची टोके नीट बुजवावी लागतात. आणि वायर मध्येच तुटली तर मध्ये पीळ मारू नका. पूर्ण तुकडा एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत बदला. बॉक्स झाकणाचा, कनेक्टर स्क्रूचा. दोन मीटर वायर वाचवण्यासाठी मारलेला जोडच या शेडमध्ये महागात पडला.

बल्बबद्दल एकच सांगतो. तो वायरीला लोंबकळत ठेवू नका. पिल्ले वाढतात तसा बल्ब वर घ्यावा लागतो, आणि वायरीने ओढून वर घेतला की होल्डरमधला स्क्रू दर वेळी थोडा ढिला होतो. साखळीला लटकवा, वायरीला ताण येऊ देऊ नका, होल्डर चिनी मातीचा घ्या. बल्ब गादीपासून दीड-दोन फुटांवर असू द्या. बल्बवर जाळी हवी, म्हणजे तो सुटून पडला तरी तापलेली काच काडात तोंड खुपसून बसणार नाही.

गॅसचे ब्रूडर वापरतात त्यांनाही उंदीर सोडत नाही. रबरी नळीही तो कुरतडतो. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गादीवरच पसरतो, त्यामुळे छताकडे बघून काही कळत नाही. नळीवर आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघायचे. तेही बॅच येण्याआधीच.

त्या मालकाने आग विझवल्यावर गादी तशीच राहू दिली होती, ‘विझली आता’ म्हणून. मी दुपारी काठी घातली तर आतले काड अजून कोळपत होते. वरून ओले दिसले तरी खालून उकरून, शेडबाहेर पसरून, पाणी मारून मगच माघारी यायचे असते.

पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तुमच्या बातमीदाराला ‘शॉर्टसर्किट’ लिहिण्याआधी दोनच गोष्टी विचारायला सांगा : एमसीबी पडला होता का, आणि पिल्ले किती दिवसांची होती?

आपला,
एक वायरमन वाचक