रॅम्पवरच्या पिवळ्या पडलेल्या पत्र्यांचा वॉरंटी दावा : मसुदा आणि पुरावे

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी कार्यकारिणी

विषय : पुरवठादाराकडे पाठवायच्या दावापत्राबाबत

सप्रेम नमस्कार.

मागच्या सभेत ठरल्याप्रमाणे पार्किंगच्या रॅम्पवरील पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यांसाठी दावापत्राचा मसुदा केला आहे, तो सोबत जोडतो. सही करण्याआधी त्यातल्या दोन-तीन गोष्टी आपल्या नजरेस आणून देणे मला गरजेचे वाटते.

पत्रे एप्रिल २०२२ मध्ये बसवले. पिवळे पडणे आणि उजेड कमी होणे यांवर दहा वर्षांची वॉरंटी आहे. चौथ्या उन्हाळ्याच्या आतच ते चहाच्या रंगाचे झाले. पुरवठादाराच्या माणसाने फोनवर लगेच सांगितले, "पत्रा उलटा बसवला असेल." हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या पत्र्याला अतिनील किरणांपासून वाचवणारा थर एकाच बाजूला असतो, तोही काही शतांश मिलिमीटर जाडीचा. ती बाजू खाली गेली तर ऊन थेट उघड्या प्लास्टिकवर पडते आणि पत्रा असाच पिवळा पडतो. तेव्हा आपला सगळा दावा या एका प्रश्नावर उभा आहे.

याचे उत्तर आपल्याकडे आहे. 'ही बाजू वर' असे छापलेली संरक्षक फिल्म पत्र्याच्या वरच्या अंगावरून सोलली जात असतानाचे फोटो फॅब्रिकेटरच्या मोबाईलमध्ये मिळाले. ते त्याच्याकडून केबलने मूळ फाईलच्या रूपात घेतले आहेत. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या फोटोतली तारखेची माहिती निघून जाते, म्हणून ग्रुपवरचे फोटो कृपया जोडू नयेत.

दुसरा पुरावा मला त्याहून मोलाचा वाटतो. पंपाच्या खोलीत त्याच खेपेतला हातभर तुकडा पडून होता. त्याने ऊन पाहिलेलेच नाही. छपरावरच्या एका पत्र्याशेजारी तो धरला तेव्हा फरक डोळ्यांत भरला, आणि त्या पत्र्याचा एक स्क्रू काढला तर वॉशरखालचे नाण्याएवढे वर्तुळ या तुकड्यासारखेच स्वच्छ निघाले. म्हणजे पिवळेपणा उन्हाने आला, हे नक्की. पण थर मुळात होता का, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत तुकड्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्यात थर सापडला नाही, तर पत्रा कसा बसवला हा वादच उरत नाही. थर सापडला, तर बसवलेल्या पत्र्याचा काप घेऊन तो कोणत्या बाजूला आहे ते पाहावे लागेल. म्हणून तुकडा अर्धाच द्यावा. उरलेला अर्धा दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी पाकिटात बंद करून सोसायटीकडे ठेवावा.

हवामानाच्या नोंदी जवळच्या हवामान केंद्राकडून मागवून जोडल्या आहेत. बसवल्यापासून आजवर गारपिटीची नोंद नाही. गारेचा मार एकेका जागी बसतो, खळगा किंवा चांदणीसारखी चीर पडते. आपल्याकडे रंग सगळीकडे सारखा उतरला आहे. कमाल तापमानाचेही कारण पुढे येऊ शकते. पण हे प्लास्टिक १०० अंशांच्या आसपासही आकार सोडत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातल्या हवेच्या तापमानाने बिघडले म्हणणे टिकणार नाही.

आता एक गोष्ट काही सभासदांना रुचणार नाही. सोळापैकी दोन पत्र्यांना स्क्रूच्या भोकांपासून चिरा गेल्या आहेत. त्या दोन पत्र्यांचा दावा मी मसुद्यात घेतलेला नाही. पॉलिकार्बोनेट तापमानाच्या एका अंशामागे मीटरला साधारण ०.०६५ मिमी वाढते. आपला पत्रा तीन मीटरचा. पहाटेचे १५ अंश आणि दुपारी तापलेल्या पत्र्याचे ६० अंश धरले, तर तो जवळजवळ ९ मिमी लांब-आखूड होतो. त्यासाठी भोक स्क्रूपेक्षा मोठे हवे आणि स्क्रू वॉशर चेपेल इतका आवळायचा नसतो. या दोन पत्र्यांवर भोके स्क्रूच्या मापाचीच आहेत. ही चूक बसवणाऱ्याची आहे. ते दोन दाव्यात घातले, तर पुरवठादार त्यांच्याकडे बोट दाखवून उरलेले चौदाही नाकारेल. त्यांची भरपाई फॅब्रिकेटरकडे स्वतंत्र पत्राने मागावी.

वॉरंटी कार्डात बिघाड लक्षात आल्यापासून ३० दिवसांत लेखी कळवण्याची अट आहे. सभेच्या इतिवृत्तात ती तारीख नोंदली गेली आहे, आणि त्यातले १९ दिवस आज संपले. भरपाई वापरलेल्या वर्षांच्या प्रमाणात कमी होते आणि पत्रे काढण्या-बसवण्याची मजुरी तिच्यात नाही, हेही सभासदांना आधीच सांगावे.

पुरवठादाराचा माणूस येऊन पाहणी करून जाईपर्यंत एकही पत्रा खाली उतरवू देऊ नये. रंगकाम करणाऱ्यांनाही रॅम्पखाली थिनर वापरू देऊ नये. थिनरने याच प्लास्टिकला तडे जातात आणि नवे तडे जुन्या दोषाशी मिसळतील.

मसुदा, बिल, वॉरंटी कार्ड, फोटोंचा पेनड्राइव्ह आणि हवामानाच्या नोंदी लिफाफ्यात आहेत. शुक्रवारपर्यंत सही व शिक्का मिळाल्यास शनिवारी सकाळी मी स्वतः पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवतो.

आपला,
सदनिका क्र. ३०४, ब विंग