सूचना : दस्तऐवजांची एकच पीडीएफ पाठवा

सभासदांनो, डीम्ड कन्व्हेयन्सची कागदपत्रं धरमपेठेतल्या वकिलांना मेल करताना आधी फाइली जोडा, मग आकार कमी करा. पासवर्ड सगळ्यात शेवटी. कुलूप आधी लागलं की पुढचं काम अडतं. ई-आधार नेमकं इथेच अडवतं, कारण त्याला मुळातच पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. ते उघडून प्रिंटमधून Save as PDF करा, नवी प्रत बिनपासवर्डची निघते.

जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक-तृतीयांशाने फुगते. म्हणून १५ एमबीच्या आतच ठेवा. इंडेक्स-२ वरचा शिक्का झूम करून वाचता येतो ना, बघा; नाहीतर कॉम्प्रेशन जास्त झालं.

पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका राजेहो, फोनवर सांगा.

– सचिव