कपाटाचे दोन खण

प्रिय मनू,

फोन केला तर परत तेच विचारीन आणि तू परत ठेवून देशील, म्हणून लिहायला बसले. रविवारी तू न बोलता बॅग उचललीस आणि पहाटेच्या गाडीने निघून गेलीस. तेव्हापासून घर अगदी शांत आहे. बाबा म्हणतात, "तिला चार दिवस तिचं तिला राहू दे." चार दिवस झाले. आज पाचवा.

आधी एक कबूल करते. जेवायच्या वेळी सगळ्यांसमोर मी "त्याने घरी सांगितलं की नाही?" असं विचारायला नको होतं. माईआत्यासमोर तर नकोच. तुझा चेहरा उतरलेला दिसत असूनही मी परत विचारलं. चुकलंच माझं. या पत्रात तो प्रश्न मी विचारणार नाही.

तू रात्री मला जे सांगितलंस ते मात्र डोक्यातून जात नाही. निखिलच्या आईने तुला आतल्या खोलीत नेलं आणि कपाट उघडून दाखवलं. खालचे दोन खण रिकामे केलेले, त्यात नवा कागद अंथरलेला, आणि त्याची पुढची कड नीट दुमडून आत घातलेली. दाराच्या आतल्या बाजूला एक खुंटी, मुद्दाम जरा खाली ठोकलेली, कारण त्या तुझ्यापेक्षा उंच आहेत आणि तुझा हात पोचेल की नाही हे त्यांनी आधीच मनात मोजलं होतं. "चालेल ना गं तुला?" असं त्यांनी विचारलं आणि तू म्हणालीस, "छान आहे."

मला ती बाई त्या एका खुंटीवरून आवडली. आणि भीती वाटली तीही त्या खुंटीचीच.

कारण मार्चमध्ये तुमचं दोघांचं ठरलं आहे, की लग्न झालं तरी पहिली दोन वर्षं तू तिकडे, तुझ्या कामाच्या शहरात राहायचं आणि त्याने यायचं-जायचं. हे तू आम्हाला त्याच आठवड्यात सांगितलंस. बाबा एक दिवस गप्प होते, मग त्यांचं त्यांनाच पटलं. लग्न ठरून आठ महिने झाले, अजून सहा आहेत. आणि निखिलच्या घरी तुझ्यासाठी खण रिकामे होत आहेत. म्हणजे त्याच्या घरी कोणाला काही माहीत नाही. निखिल तुला काय म्हणतो? "बोलतो मी घरी. योग्य वेळ बघून."

मनू, हे वाक्य मी ऐकलेलं आहे. याच आवाजात.

माझं लग्न ठरल्यानंतर अकरा महिने गेले होते. मला शिक्षकी परीक्षेचं शेवटचं वर्ष पूर्ण करायचं होतं, तेही मी तुझ्या बाबांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. ते म्हणाले, "त्यात काय, बोलतो मी घरी." मला इतकं बरं वाटलं की पुढे मी विचारलंच नाही. विचारणं म्हणजे अविश्वास, असं वाटायचं तेव्हा. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात मी पुस्तकं काढली तर तुझ्या आजीने नुसतं बघितलं. रागावल्या नाहीत. त्यांना खरंच कळेना की हे काय चाललंय. रात्री मी बाबांना विचारलं तर म्हणाले, "सांगायचं होतं गं, पण आई किती खुशीत होती ते दिवस." मनू, ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी फक्त सांगितलं नव्हतं. ती परीक्षा मी सहा वर्षांनी दिली, तू चार वर्षांची असताना, आणि त्या सहा वर्षांत तुझ्या आजीला मी हट्टी वाटले आणि मला त्या दुष्ट वाटल्या. दोघींचंही चूक होतं. ज्याने बोलायचं होतं तो मधे बसून वर्तमानपत्र वाचत होता.

बाबांना हे पत्र दाखवणार नाही. का कोण जाणे, दाखवीनही.

मागे एकदा वाचलेलं एक आठवतं. तू हसशील, आई आता संशोधनं सांगायला लागली म्हणून. स्टॅनली, ऱ्होड्स आणि मार्कमन अशा तिघांनी 2006 साली एक लेख लिहिला होता. लग्नाआधी एकत्र राहणाऱ्या जोडप्यांबद्दल आहे तो, तुमच्यासारख्यांबद्दल नाही. पण त्यातला मुद्दा मनात राहिला. माणसं पुष्कळदा पुढची पायरी ठरवून चढत नाहीत, नकळत घसरत तिथे पोचतात, आणि मग जमलेल्या गोष्टींच्या वजनामुळे मागे फिरणं जड होत जातं. मला ते वाचताना आमचे अकरा महिने दिसले. लग्न ठरून लांबलं की रोज काहीतरी थोडंसं पुढे सरकत असतं. आज दोन खण रिकामे झाले. उद्या कोणी नातेवाईक म्हणेल, "सून घरातच असेल म्हणजे बरं." परवा खोलीला रंग लागेल. त्यातल्या एकाही गोष्टीला तू हो म्हटलेलं नसतं आणि तरी सगळ्यांना तू हो म्हटलेलं असतं.

तुझं "छान आहे" तू कपाटाला म्हटलंस. त्यांनी ते राहण्याला म्हटलेलं ऐकलं. यात त्यांची चूक नाही. त्यांच्या घरात गोष्टी अशाच ठरतात, हे तूच मला सांगितलं आहेस. आधी करून ठेवायचं, मग "चालेल ना?" विचारायचं. आणि त्याचे वडील "बघू" म्हणाले की त्याचा अर्थ "नाही" असा. लग्नाची तारीख पुढे घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा ते तीनदा "बघू" म्हणाले आणि आपण इकडे वाट बघत बसलो. आपल्या घरात "बघू" म्हणजे खरंच बघू. आपण भांडतो, ओरडतो, आणि दहा मिनिटांनी कोणाचा चष्मा कुठे आहे ते विचारतो. निखिल पहिल्यांदा आला तेव्हा मी बाबांना खिडकीवरून बोलले, तर तो तुला बाजूला घेऊन "आई फार रागावल्या का?" म्हणाला होता ना? बिचारा. तो आपली भाषा शिकतो आहे, तू त्यांची शिक. त्यासाठीच तर हे चौदा महिने आहेत.

आता लेक्चर येतंय, मला कळतंय. पण थोडं ऐक.

तो "सांगितलं" म्हणाला तर एवढंच विचार की कोणत्या शब्दांत सांगितलं आणि वडील त्यावर काय म्हणाले. खरंच सांगितलेलं असेल तर समोरच्याचं उत्तर आठवतं, ते वाईट असेल तर जास्तच आठवतं. "म्हणालो, ठीक आहेत ते" एवढंच आलं तर समज की बोलणं झालं नाही, किंवा "थोडे दिवस ती तिकडे असेल" असं काहीतरी अर्धंमुर्धं झालं आहे. थोडे दिवस आणि दोन वर्षं यांत फार अंतर आहे. दोन वर्षं म्हणजे कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, महिन्यातून किती वेळा कोणी यायचं, आणि काम लांबलं तर पुन्हा कोणी कोणाशी बोलायचं, हे तुमच्या दोघांचंच नक्की झालेलं नसेल तर तो तरी घरी काय सांगणार? आधी तेवढं करा.

आणि हे त्यानेच सांगायला हवं, एकट्याने, तू तिथे नसताना. त्याच्या आईला वाईट वाटेल, ते तुझ्यासमोर वाटायला नको. तू समोर असलीस तर त्या हसून "हो" म्हणतील आणि ते "हो" कोणाच्याच उपयोगाचं नसेल. मग चारपाच दिवसांत तू जा आणि तीच गोष्ट तुझ्या तोंडून सांग, म्हणजे दोघांकडून एकच ऐकू येईल. त्या गप्प झाल्या तर त्याला नकार समजू नकोस. त्या घरात राग आधी गप्प बसतो. त्या पुन्हा आपणहून तुझ्या कामाचं, तिथल्या खोलीचं, तू एकटी कशी राहतेस याचं विचारायला लागल्या की समज, गोष्ट आत पोचली. अजून एकदाही विचारलेलं नाही त्यांनी, बरोबर? त्यावरूनच तर मला कळलं.

मंगळवारी मी त्यांचा नंबर लावला होता. एक रिंग गेली आणि मी ठेवला. त्यांनी परत फोन केला तेव्हा चुकून लागला म्हटलं. त्यांनी तुझी चौकशी केली, फार प्रेमाने. मी सांगून टाकलं असतं तर आयुष्यभर ती गोष्ट "तिच्या आईने सांगितलेली" राहिली असती आणि निखिल त्यांच्यापुढे कायमचा लहान झाला असता. म्हणून गप्प बसले. मला गप्प बसणं किती जड जातं ते तुला ठाऊक आहे.

मला तो मुलगा आवडतो. तुझ्या आजीच्या आजारपणात रात्री दीड वाजता गाडी घेऊन आला तो, कोणी न बोलावता. असा मुलगा वाईट नसतो. पण तुझे बाबाही वाईट नव्हते. चांगल्या माणसांनाच कोणाला दुखवणं जमत नाही, आणि मग त्यांच्या वाट्याचं दुखणं दुसऱ्या कोणाला तरी उचलावं लागतं. ते तू उचलू नयेस एवढंच मला वाटतं. आणि त्याला हे जमलंच नाही, सहा महिने दिले तरी जमलं नाही, तर... ते मी लिहीत नाही. तुला कळतं.

तू लहानपणी शाळेच्या सहलीच्या आदल्या रात्री बॅग भरून दाराशी ठेवायचीस आणि तीनदा उठून बघायचीस. त्या शहरात तू एकटीने घर शोधलंस, काम मिळवलंस, आम्हाला नंतर कळवलंस. मी वरवर रागावले होते. पण कामावरच्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं, दोनदोनदा.

बोललीस का त्याच्याशी? नको, हे खोडायचं होतं. बाबांनी खोडरबर कुठे ठेवलंय देव जाणे, आणि पेनाने लिहिलेलं तसंही जात नाही.

तुझी छत्री इथेच राहिली आहे, दाराच्या मागे. बाबांनी तिची तुटलेली काडी तारेने बांधली आहे. येत्या शनिवारी तिकडे कोणी येणार असेल तर पाठवते, नाहीतर तूच ये.

तुझी,
आई