आमच्या ‘१००% प्लेसमेंट’चा हिशेब : तंत्रशिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

सांगलीत गेली २२ वर्षं मी जाहिराती लिहितो, डिझाइन करतो, फ्लेक्स छापून देतो. प्रवेशाचे दोन महिने म्हणजे आमची सुगी. यंदाची सुगी एका जाहिरातीपायी गेली, म्हणून आपला वेळ घेतो आहे.

जवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजने अर्ध्या पानाची जाहिरात सांगितली. मथळा त्यांचाच होता : ‘१००% प्लेसमेंटची हमी’. मी आकडे मागितले आणि तिथल्या प्लेसमेंटच्या सरांनी भाबडेपणाने दिलेही. कॉम्प्युटरला प्रवेश ६०, पास ५१. कंपनीपुढे बसायला साठ टक्के हवेत आणि एकही बॅकलॉग नको, म्हणून पात्र ३०. ऑफर लेटरंही ३०. झाले की शंभर टक्के! यादीवरून बोट फिरवलं, तर चौघांच्या नावापुढे दोन-दोन पत्रं. म्हणजे नोकरी लागली २६ जणांना. ‘१२ लाखांचं पॅकेज’ मिळालं एकाला. पगार चढत्या क्रमाने लावले तर मधला येतो ३ लाख २० हजार.

हमी लिहिता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. जाहिरात मानक परिषदेचा, म्हणजे ‘आस्की’चा, नियम आहे : प्लेसमेंटचा आकडा छापलात तर त्या वर्गातून एकूण किती जण पास झाले तेही छापा, आणि मागची प्लेसमेंट ही पुढच्या नोकरीची हमी नाही, हेही लिहा. ते दावा असेल तेवढ्याच ठळक अक्षरांत. तळाला मुंगीएवढ्या टायपात नव्हे.

मग पालकांना खेचायचं कशाने? मी दोन दिवस त्यांच्या प्रवेश खिडकीशी बसलो. नोकरीचं विचारतात, पण आधी विचारतात, “सगळं धरून वर्षाला किती?” मग तासगावहून बस आहे का, मुलींच्या होस्टेलला रात्री रेक्टर असतात का. म्हणून मी मथळा केला : ‘वर्षाचा सगळा खर्च इथेच वाचा’. खाली शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी, होस्टेल, मेस, बस आणि शेवटी एकच बेरीज. कंपनी काय करील ते कॉलेजच्या हातात नाही. कॉलेज काय करील ते आहे. म्हणून ‘तिसऱ्या वर्षापासून आठवड्याला चार तास मुलाखतीची तयारी’ हे वचन घातलं, वेळापत्रकात तपासून. आणि मधोमध, मोठ्या अक्षरांत : ‘गेल्या वर्षी कॉम्प्युटरचे ५१ पास झाले, २६ जणांना कॅम्पसमधून नोकरी, मधला पगार ३.२ लाख. यावर्षीची हमी आम्ही देत नाही.’

संस्थेचे सचिव म्हणाले, “अहो, जाहिरात लिहिताय की कबुलीजबाब?” काम दुसऱ्याला गेलं. माझं १८,५०० रुपयांचं बिल ‘बघू’मध्ये अडकलं. आठवड्याने स्टँडजवळ त्यांचा फ्लेक्स लागला, मूळ मथळ्यासकट. मी तिथून कॉलेजच्या फाट्यापर्यंत मोटारसायकलवर मोजत गेलो : २३ फ्लेक्स, त्यातल्या १४ वर ‘१००%’. दोनेक इकडेतिकडे धरा.

तक्रार केली. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने ‘विषय आमच्या कक्षेत येत नाही’ असं लेखी दिलं. कक्षा फार सुंदर आखलेल्या आहेत आपल्याकडे. फक्त फ्लेक्स त्यांच्या बाहेर लागतात. कोचिंग क्लासवाल्यांनी नोकरीची हमी देऊ नये म्हणून केंद्राने २०२४ साली वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कॉलेजची हमी काय सात्त्विक असते?

मीही धुतल्या तांदळाचा नाही. पूर्वी हेच शब्द मी लिहिलेत, पैसे घेऊन. एकदा जतहून एक गृहस्थ जुनं माहितीपत्रक घेऊन दुकानात आले. तळाशी मुद्रक म्हणून माझा पत्ता होता. पोरगा पास होऊन दोन वर्षं घरी. म्हणाले, “कॉलेजात कोण भेटंना, म्हणून तुमच्याकडं आलो.” मी चहा पाजला. दुसरं काय देणार होतो?

१९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, तेव्हा गावाकडच्या पोरांना जवळ शिकता यावं असं सांगितलं गेलं. शिकली पोरं, नाही म्हणत नाही. पण दाराशी शिक्षणसम्राट बसले आणि त्यांच्या सत्काराला कोण जातं, हे मी आपल्याला सांगायला नको.

मागणी साधी आहे. प्लेसमेंटचे आणि पगाराचे तीन वर्षांचे आकडे एआयसीटीईच्या सक्तीच्या प्रकटीकरणात कॉलेजला वेबसाइटवर द्यावेच लागतात. ते अशा कोपऱ्यात असतात की जतचा माणूस तिथवर पोचत नाही. जो आकडा तिथे, तोच जाहिरातीत, पास झालेल्यांच्या संख्येसह, एवढा एक आदेश काढा. त्यांना मथळा मी फुकट लिहून देईन. १८,५०० मात्र हवेत.

आपला,
जाहिरातीचा मजकूर लिहिणारा, सांगली