ओंकारच्या कॉलेजच्या खर्चाबद्दल

भांडुप, रविवार

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "बँकेवाले घराचे कागद मागतायत, शुक्रवारी देऊन येतो." त्यानंतर मला काही सुचेना. फोनवर बोलायला गेले असते तर मला रडू फुटलं असतं, म्हणून लिहिते आहे. बाबा, हे पत्र वाचून होईपर्यंत कागद कुणाच्या हातात देऊ नका.

ओंकारला एमबीए करायचं आहे, ते त्याने करावंच. प्रश्न एवढाच आहे की कुठून करायचं. त्याने पसंत केलेल्या कॉलेजचा पीजीडीएम, म्हणजे एमबीएसारखाच मॅनेजमेंटचा डिप्लोमा, दोन वर्षांचा आहे आणि फी साडेअकरा लाख. तुम्ही दोघं तेवढाच आकडा धरून बसला आहात. पण मुंबईत कॉटबेसिसवर राहायचं भाडं, मेस, लोकलचा पास आणि वरखर्च धरला तर महिन्याला सतरा हजार कुठेच जात नाहीत. इंटर्नशिपच्या महिन्यांतही भाडं चालूच राहतं, म्हणजे चोवीस महिन्यांचे चार लाख आठ हजार. लॅपटॉप, मुलाखतींचे कपडे, डिपॉझिट यांना ऐंशी हजार धरा. सगळं मिळून 16 लाख 38 हजार झाले.

आता पगार. माहितीपत्रकात "सरासरी पॅकेज 9 लाख" असं मोठ्या अक्षरांत आहे. त्याच्या शेजारी एक बारीक चांदणी आहे, आणि पानाच्या तळाशी लिहिलंय की ही सरासरी पहिल्या पन्नास विद्यार्थ्यांची आहे. वर्गात मुलं एकशेवीस. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजं स्वतः जी माहिती भरून देतात, ती त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. किती मुलं उत्तीर्ण झाली, किती जणांना नोकरी लागली आणि लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे तिथे वर्षवार असतं. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या मुलाचा पगार. या कॉलेजने तिथे भरलंय की 84 जणांना नोकरी लागली आणि मध्यक 5 लाख 80 हजार. उरलेली छत्तीस मुलं त्या मध्यकात नाहीतच.

मी ओंकारसाठी सहा लाख धरले, म्हणजे जरा जास्तच. पण सहा लाख भागिले बारा म्हणजे पन्नास हजार हातात येतील असं समजू नका. पॅकेजमध्ये कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि वर्षाअखेरीस मिळाला तर मिळाला असा व्हेरिएबल पगार, हे सगळं मोजलेलं असतं. ते वजा केलं की महिन्याला चाळीस हजार राहतात. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ आणि दोनशे रुपये व्यवसाय कर गेला की हातात सदतीस हजार.

कर्जाचा हिशोब मी सागरसोबत बसून दोनदा तपासला. 11 टक्के व्याज. कोर्स चालू असताना आणि नंतरचे सहा महिने हप्ता नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. दरवर्षी अर्धी फी उचलली तरी हप्ता सुरू होईपर्यंत साडेअकराचे चौदा लाख झालेले असतात. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला 24 हजार. सदतीसातून चोवीस गेले की तेरा हजार राहतात. शिकताना त्याला महिन्याला सतरा हजार लागणार होते, मग नोकरी लागल्यावर तो तेरा हजारांत मुंबईत कसा राहील? चार हजार दर महिन्याला तुमच्याकडून जातील, सात वर्षं. आणि एसटीतून निवृत्त झाल्यावर बाबांना किती पेन्शन येतं ते आपल्याला ठाऊक आहे.

घराचे कागद का मागतात तेही विचारून आले. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारची हमी मिळते, तिथे तारण लागत नाही. त्याच्या वर गेलं की बँक घर मागते.

दुसरा रस्ता एमएमएसचा, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या एमबीएसारख्याच पदवीचा आहे. जमनालाल बजाज किंवा सिडनहॅममध्ये मिळालं असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं, पण ओंकारचे सीईटीचे गुण तिथे पोचत नाहीत. त्याला कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, जी खाजगी संस्था मिळू शकते तिची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली आहे, दोन वर्षांची 3 लाख 60 हजार. कॅपमधून प्रवेश घेतला आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी परत मिळते. ते पैसे उशिरा येतात, म्हणून मी हिशोबात धरले नाहीत.

राहील आमच्याकडे. हॉलमध्ये झोपेल. सासूबाईंना मी आधी विचारलं, त्या म्हणाल्या, "पोरगा घरचाच आहे." त्याच्या जेवणाखाणाचे आणि पासाचे सहा हजार धरा. लॅपटॉपसकट सगळा खर्च 5 लाख 84 हजार. तिथला मध्यक 4 लाख 80 हजार आहे, म्हणजे हातात साधारण एकोणतीस हजार. पण हप्ता फक्त साडेसात हजार, म्हणून साडेएकवीस हजार उरतात. पगार कमी असूनही शिल्लक जास्त, आणि घर गहाण नाही.

ओंकार म्हणतो, "ताई, मला पहिल्या वीसात यायचंय." त्याच्या जिद्दीवर माझा विश्वास आहे, म्हणून तेही मोजलं. महागड्या कोर्सने हातात एवढेच साडेएकवीस उरायचे असतील तर पॅकेज साडेसात लाखांच्या आसपास हवं. तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलांना मी भेटले. दोघांनीही वेगवेगळं सांगितलं की तेवढं वीसएक जणांनाच मिळालं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आधीचा नोकरीचा अनुभव होता. ओंकार बीकॉम होऊन थेट चाललाय. हप्ते फिटल्यावर, आठव्या वर्षापासून जास्त पगाराचा फायदा दिसेल, हे खरं आहे. पण तोवर एखादं वर्ष नोकरी गेली तर हप्ता थांबत नाही आणि कागद बँकेत असतात.

आई, 2014 साली माझ्या ॲनिमेशनच्या डिप्लोमासाठी तू पाटल्या मोडल्यास. 3 लाख 20 हजार रुपये. त्या संस्थेने भिंतीवर लावलेले पगार पाहून मी भुलले, आणि पहिला पगार अकरा हजार मिळाला. तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस. तेव्हा कुणी मला शिकून गेलेल्या दोन मुलांना भेटायला सांगितलं असतं तर त्या पाटल्या आज तुझ्या हातात असत्या.

बाबा, बँकेत शुक्रवारी जाऊ नका. कॅपची फेरी चालू आहे तोवर ओंकारला त्याच्या सीईटीच्या गुणपत्रकासह आणि उत्पन्नाच्या दाखल्यासह इकडे पाठवा. दाखला तहसीलमधून यायला दिवस लागतात, त्यासाठी उद्याच अर्ज टाका. त्या दोन मुलांपैकी एकाने पुढच्या रविवारी मुलुंडला भेटायचं कबूल केलंय. ओंकारने त्याला स्वतः विचारावं, मी मध्ये बोलणार नाही.

तुमची,
सुजाता

ता.क. आई, त्याच्याबरोबर कुळथाचं पीठ पाठव. सासूबाईंनी आठवणीने सांगितलंय.