सूचना : 'दर आठवड्याला परतावा' देणाऱ्या योजनांबाबत

सर्व सभासदांना नमस्कार,

आपल्या इमारतीत दर आठवड्याला ६ टक्के देणाऱ्या एका योजनेची पत्रकं वाटली गेली आहेत. त्याबाबत येत्या रविवारी सकाळी ११ वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक आहे. तोपर्यंत कृपया कोणीही पैसे भरू नयेत.

हिशेब करून पाहा. एक लाखावर आठवड्याला ६,००० म्हणजे ५२ आठवड्यांत ३,१२,०००. ठेवी घेण्याची परवानगी असलेल्या वित्त कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेने वर्षाला साडेबारा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. मग हे पैसे येतात कुठून? योजनेत नव्याने पैसे भरणाऱ्यांच्या खिशातून. म्हणूनच 'आणखी दोन जण आणा, कमिशन घ्या' हा आग्रह असतो. दादरच्या टोरेस प्रकरणात मोइसनाइट खडे विकून असेच साप्ताहिक हप्ते देऊ केले होते. हप्ते थांबले आणि जानेवारी २०२५ मध्ये दुकानासमोर लोकांची गर्दी झाली. सुरुवातीचे हप्ते वेळेवर मिळतात, त्यावर भुलू नका. त्याच भरवशावर माणसं दागिने मोडतात.

कंपनीची नोंदणी किंवा जीएसटी क्रमांक दाखवला, तरी तो ठेवी घेण्याचा परवाना नव्हे.

पैसे देण्यापूर्वी :
- ठेवी घेण्याची परवानगी कोणाची, ते लेखी मागा.
- sachet.rbi.org.in वर कंपनीचं नाव शोधा. तक्रारही तिथेच करता येते.

आधीच पैसे भरले असतील तर पावत्या, मेसेज आणि पत्रक जपून ठेवा, बैठकीला घेऊन या. कोणीही तुम्हाला बोल लावणार नाही.

— सचिव